हॉस्टेलच्या फॉर्मवरचा ‘स्थानिक पालक’: नाव कोणाचं टाकायचं आणि सही केल्यावर अंगावर काय येतं?

दहावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातली मुलं-मुली पिशव्या बांधायला लागतात. कुणी लातूरला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी थेट पुण्याला. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे कोणतं कॉलेज मिळालं ते आता मोबाइलवरच कळतं. पण कॉलेजात कागदपत्रं द्यायला आणि हॉस्टेलची खोली घ्यायला गेलं की हातात कागदी फॉर्म पडतो. त्यात आई-वडिलांच्या रकान्याखाली आणखी एक रकाना असतो: स्थानिक पालकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, फोटो आणि सही.

बहुतेक घरांत हा रकाना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरला जातो. मागं रांग असते, परतीची एसटी गाठायची असते. मग कुणीतरी म्हणतं, “अरे, आपल्या अमक्याचा भाचा राहतो की लातूरला, टाका त्याचं नाव.” भाच्याला फोनसुद्धा जात नाही. वर्षभर काही घडलं नाही तर हे खपून जातं. पण रात्री अकरा वाजता पोरगी आजारी पडली आणि रेक्टरनं तो नंबर लावला, तर पलीकडून उत्तर येतं, “कोण मुलगी? मला काही माहीत नाही.”

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी ही गोष्ट आणखी अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत आई-वडील सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात असतात. मुलांच्या शाळा-कॉलेजचा निम्मा काळ नेमका तोच. फॉर्मवर गावाचा पत्ता असतो आणि गावातल्या घराला कुलूप असतं, नाहीतर घरात एकटी म्हातारी आजी असते. अशा मुलांसाठी स्थानिक पालक हाच शहरातला एकमेव हक्काचा माणूस असतो.

हा रकाना कुठून आला?

स्थानिक पालक असलाच पाहिजे ही अट हॉस्टेल किंवा कॉलेज आपल्या स्वतःच्या नियमावलीत घालतं. म्हणूनच ती जागोजागी वेगळी दिसते. एका ठिकाणी नुसतं नाव-नंबर चालतो, दुसऱ्या ठिकाणी त्या माणसाला प्रवेशाच्या दिवशी समोर उभं राहून सही करावी लागते, तर तिसऱ्या ठिकाणी रकाना कोरा ठेवला तरी कुणी विचारत नाही. सरकारी वसतिगृहात हे काम गृहपाल बघतात, खासगी आणि कॉलेजच्या हॉस्टेलात रेक्टर किंवा वॉर्डन. नियम विचारायचा तो यांनाच, आणि फॉर्म भरायच्या आधी.

हॉस्टेलची गरजही समजून घ्यायला हवी. शंभर-दोनशे पोरं सांभाळणाऱ्या रेक्टरला तीन प्रसंगी आई-वडिलांपेक्षा जवळ राहणारा माणूस लागतो. पहिला प्रसंग आजारपणाचा. दुसरा, मुलाला किंवा मुलीला कुणाच्या तरी ताब्यात देऊन बाहेर सोडायचं असतं तेव्हा. आणि तिसरा, सुट्टीत किंवा अचानक हॉस्टेल रिकामं करावं लागतं तेव्हा. या तिन्ही वेळी “वडील उद्या सकाळपर्यंत येतील” हे उत्तर पुरत नाही.

कोण चालतो, कोण चालत नाही

बहुतेक हॉस्टेलांच्या अटी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात. माणूस सज्ञान असावा, त्याच शहरात किंवा अगदी लगत राहणारा असावा, आणि त्याच्याकडे राहत्या पत्त्याचा पुरावा असावा. आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो लागतो. इथं एक अडचण नेहमी येते. कामासाठी लातूर-पुण्यात गेलेल्या आपल्या माणसांच्या आधारवर अजून गावचाच पत्ता असतो. मग हॉस्टेल विचारतं, हे स्थानिक कसे? अशा वेळी भाडेकरार किंवा त्यांच्या नावावरचं वीजबिल, गॅसचं पुस्तक असा दुसरा पुरावा चालेल का, ते आधी विचारून घ्यावं.

स्वतः विद्यार्थी असलेला मोठा भाऊ किंवा मावसभाऊ बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कारण सरळ आहे. परीक्षा संपली की तोही गावी जातो, म्हणजे हॉस्टेल बंद होतं नेमकं तेव्हा तोही शहरात नसतो. मुलींच्या हॉस्टेलात अनेकदा कुटुंबासह राहणारं माणूस मागतात, काही ठिकाणी बाईचंच नाव मागतात. हॉस्टेलचाच कर्मचारी किंवा मेसवाला सहसा धरत नाहीत.

नातं रक्ताचंच हवं, असं मात्र सगळीकडे नसतं. गावातून बदली होऊन गेलेले गुरुजी, वडिलांचे जुने मित्र, शेजारच्या वाड्यातलं नोकरीनिमित्त स्थायिक झालेलं कुटुंब, यांची नावं बरीच हॉस्टेलं मान्य करतात. फॉर्मवर ‘विद्यार्थ्याशी नाते’ असा रकाना असतो. तिथं खरं तेच लिहावं, ‘कौटुंबिक परिचय’ असं लिहिलं तरी चालतं. उगाच ‘मामा’ लिहून ठेवलं आणि पुढं काही वाद झाला, तर तो खोटा शब्दच आधी पुढं येतो.

स्थानिक पालक आणि कायद्याचा पालक, हे दोन वेगळे

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अकरावीला जाणारं पोर पंधरा-सोळा वर्षांचं, म्हणजे कायद्यानं अज्ञान असतं. त्याचे कायदेशीर पालक आई-वडीलच राहतात. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्यात आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असं लिहिलेलं आहे. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या ‘नंतर’चा अर्थ स्पष्ट केला. वडील हयात असूनही गैरहजर असतील किंवा मुलाकडं बघत नसतील, तर आई पालक म्हणून काम करू शकते. नवरा बाहेरगावी आहे किंवा सोडून गेलाय, म्हणून आईनं सही करताना मागं सरायचं कारण नाही.

आई-वडील दोघंही नसतील तर मुलाचं पालकत्व कोर्टाकडून घेता येतं. त्यासाठी पालक आणि पाल्य कायदा, १८९० आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर सही केली म्हणून कुणी असा पालक होत नाही. स्थानिक पालक मुलाचा प्रवेश रद्द करू शकत नाही, दाखला काढून दुसरीकडं नेऊ शकत नाही, मुलाच्या नावावरच्या मालमत्तेला हात लावू शकत नाही. तो आई-वडिलांनी शहरात ठेवलेला विश्वासाचा माणूस असतो. त्याला जेवढं काम आई-वडिलांनी आणि हॉस्टेलनं मिळून लिहून दिलं, तेवढंच त्याचं काम.

मूल अठरा वर्षांचं झालं की चित्र बदलतं. बारावीनंतर इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा पदवीला जाणारे बहुतेक जण कायद्यानं सज्ञान झालेले असतात किंवा पहिल्याच वर्षात होतात. तिथंही हॉस्टेल आपल्या नियमानं स्थानिक पालक मागू शकतं. पण सज्ञान मुलाला किंवा मुलीला त्यांच्या मनाविरुद्ध उचलून न्यायचा अधिकार त्या सहीतून कुणालाच मिळत नाही.

आणखी एक कागद यात मिसळू देऊ नये. बारावीनंतरच्या शिक्षणात यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, एक विद्यार्थ्याचं आणि एक आई-वडिलांचं किंवा पालकाचं. आई-वडील असताना त्यावर त्यांचीच सही असावी, शहरातल्या काकांकडून ती उरकून घेऊ नये. रॅगिंगची तक्रार करायला १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत नंबर आहे.

सही केल्यावर नेमकं काय करावं लागतं

फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात हमीपत्र असतं. खरी जबाबदारी तिथं लिहिलेली असते. ते हमीपत्र स्थानिक पालकानं स्वतः वाचावं किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

साधारणपणे त्यात अशा गोष्टी असतात. हॉस्टेलनं फोन केला की उचलायचा आणि बोलावलं की यायचं. मुलाला रात्री बाहेर राहायचं असेल तर गेटपासवर सही करायची आणि तेवढा वेळ त्याची जबाबदारी घ्यायची. हॉस्टेल बंद झालं आणि आई-वडील पोचले नाहीत, तर मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं. पालक सभेला बोलावलं तर हजर राहायचं. मूल आजारी असेल तर दवाखान्यात सोबत थांबायचं. मुलानं नियम मोडला तर त्याचं पत्र आई-वडिलांबरोबर स्थानिक पालकालाही जातं.

इथपर्यंत ठीक आहे. मेख असते ती पैशाच्या ओळीत. काही हमीपत्रांत असं वाक्य असतं: “विद्यार्थ्याची फी, मेस बिल अथवा नुकसानभरपाई थकल्यास ती भरण्यास मी जबाबदार राहीन.” या ओळीखाली सही केली की काका नुसते काका राहत नाहीत, ते जामीनदार होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे वडिलांनी वर्षाची फी थकवली, तर हॉस्टेल ती काकांकडं मागू शकतं.

त्यामुळं ही ओळ दिसली की दोन गोष्टी करता येतात. एक तर ती ओळ खोडून शेजारी सही करायची आणि फीची जबाबदारी वडिलांच्या हमीपत्रात राहू द्यायची. हॉस्टेल याला तयार झालं नाही, तर रकमेची मर्यादा लिहून घ्यायची, उदाहरणार्थ “जास्तीत जास्त २,००० रुपयांपर्यंत”. करारात मर्यादा लिहिलेली असली की जबाबदारी तेवढ्यावरच थांबते. दोन्ही नको म्हटलं तर निदान वडिलांनी त्या माणसाला आधीच स्पष्ट सांगावं की कशावर सही करताय. पुढं पैशावरून नातं तुटतं ते याच न वाचलेल्या ओळीमुळं.

एक उदाहरण: धारूर तालुक्यातली मुलगी, लातूरचं हॉस्टेल

समजा, धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची सोळा वर्षांची मुलगी आहे. दहावीला चांगले गुण पडले, लातूरला अकरावी सायन्सला नंबर लागला, खासगी हॉस्टेलात खोली घेतली. आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, दसरा झाला की ते सांगलीकडं जाणार. गावी आजी आणि धाकटा भाऊ.

लातूरला ओळखीची तीन माणसं आहेत. एक मावसभाऊ, वय वीस, तिथंच नीटचा क्लास करतो. दुसरे वडिलांचे चुलतभाऊ, एमआयडीसीत कामाला, पाळीची ड्युटी, एका खोलीत चौघं राहतात. तिसऱ्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, नवऱ्यासह लातुरात स्थायिक, हॉस्टेलपासून रिक्षानं पंधरा मिनिटं.

नात्यानं बघितलं तर चुलता सगळ्यात जवळचा. पण स्थानिक पालकाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. रात्रपाळीत चुलत्याचा फोन लॉकरमध्ये असतो. सुट्टीत मुलीला घरी न्यायचं तर त्या खोलीत जागा नाही. मावसभाऊ स्वतः विद्यार्थी, तो रेक्टरच नाकारेल. उरल्या बाई. त्यांचा पत्ता पक्का, फोन लागतो, घरी राहायला जागा, आणि मुलगी त्यांना शाळेपासून ओळखते. वडिलांनी आधी बाईंच्या घरी जाऊन विचारलं, हमीपत्र वाचून दाखवलं, पैशाची ओळ खोडू असं सांगितलं. बाई हो म्हणाल्या. चुलत्याचं नाव दुसरा पर्यायी नंबर म्हणून रेक्टरच्या वहीत लिहून घेतलं. तोही दुखावला नाही.

आता नोव्हेंबरातली एक रात्र धरू. मुलीच्या पोटात उजव्या बाजूला कळा येतात, उलट्या होतात. रेक्टर वडिलांना फोन लावते. वडील उसाच्या तळावर, रेंज नाही. मग बाईंना फोन. बाई आणि त्यांचे यजमान वीस मिनिटांत पोचतात. दवाखान्यात नेल्यावर सोनोग्राफी होते, डॉक्टर म्हणतात अपेंडिक्स आहे, ऑपरेशन करावं लागेल.

इथं स्थानिक पालकाची मर्यादा दिसते. मुलगी अज्ञान, म्हणून ऑपरेशनच्या संमतीवर रुग्णालयाला आई किंवा वडिलांची सही हवी असते. बाईंची सही पुरेल की नाही, हे रुग्णालय ठरवतं. पण बाईंच्या पिशवीत वडिलांनी जूनमध्येच लिहून दिलेलं पत्र आहे. त्यात स्वतःच्या नंबराशिवाय मुकादमाचा आणि टोळीतल्या आणखी एकाचा नंबर आहे. मुकादमाचा फोन लागतो, तो वडिलांना उठवतो, डॉक्टर वडिलांशी थेट बोलतात. अनेक रुग्णालयांत असं फोनवरचं बोलणं साक्षीदारासमोर नोंदवून घेतात आणि सोबत असलेल्या माणसाची सही घेतात. वडिलांचं पत्र जवळ असलं की हे काम सोपं होतं.

जिवावर बेतलं असेल तर मात्र कागदासाठी थांबायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. “आई-वडील आल्याशिवाय हात लावणार नाही” असं तातडीच्या रुग्णाबाबत कुणी म्हणत असेल, तर सोबतच्या माणसानं हे ठामपणे सांगावं.

पैशाचं काय? बाईंच्या पिशवीत मुलीचं आधार आणि घरच्या रेशनकार्डाची झेरॉक्स आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हेच कागद आधी मागतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आजार योजनेत बसतो का आणि पुढं काय करायचं, ते तिथं कळतं. कागद गावातल्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली सांगलीला, असं असतं तर त्या रात्री बाईंना स्वतःची पासबुकं धुंडाळावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील पोचतात. तिथून पुढं निर्णय त्यांचे. बाईंचं काम होतं मधले बारा-पंधरा तास सांभाळायचं, ते त्यांनी केलं.

गेटची किल्ली कुणाच्या हातात देताय?

स्थानिक पालक निवडताना गावाकडं एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. फॉर्मवर ज्याचा फोटो आणि सही आहे, तो माणूस गेटवर येऊन “मी तिचा स्थानिक पालक, तिला घरी नेतो” म्हणाला, की बऱ्याच हॉस्टेलांत पास मिळतो. म्हणजे या रकान्यात नाव लिहिणं म्हणजे आपल्या मुलीला किंवा मुलाला बाहेर नेण्याची परवानगी त्या माणसाला देणं.

म्हणून नाव टाकण्याआधी मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, “तुला या घरी राहायला बरं वाटतं का?” ती गप्प बसली किंवा विषय टाळला, तर ते नाव टाकू नये. नातेवाईक कितीही जवळचा असला आणि कितीही वाईट वाटणार असलं, तरी. आई हा प्रश्न वडिलांपेक्षा चांगला विचारू शकते.

रेक्टरला लेखी सांगूनही ठेवता येतं की स्थानिक पालक आले तरी रात्रीच्या पासाआधी आई किंवा वडिलांना फोन करून खात्री करावी. आई-वडील तळावर असतील तर कोणत्या वेळेला फोन लागतो, तेही लिहून द्यावं. वर्षाच्या मध्ये नाव बदलायचं असेल तर आई-वडिलांनी लेखी अर्ज द्यावा, जुनं नाव रद्द झाल्याची पोच घ्यावी आणि गेटवरच्या वहीतूनही ते काढलंय का ते बघावं. कारण कार्यालयातला फॉर्म बदलतो आणि वॉचमनकडची यादी जुनीच राहते, असं होऊ शकतं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही त्रास होत असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर चोवीस तास चालतो. पोरांना तो पाठ असावा.

शहरात कुणीच नसेल तर?

पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडणाऱ्या घरांत हे नेहमीचं आहे. अशा वेळी कॉलेजच्या आसपास “सही देणारे” भेटतात. कुणी एजंट, कुणी झेरॉक्सवाला, पाचशे-हजारात स्थानिक पालक व्हायला तयार. हे करू नये. पैसे घेऊन सही करणारा रात्री फोन उचलणार नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की गेटची किल्ली तुम्ही एका परक्या माणसाला विकत दिलेली असते.

त्याऐवजी रेक्टर किंवा गृहपालांना सरळ सांगावं की शहरात आमचं कुणी नाही. अट किती कडक आहे ते तेव्हाच कळतं. कित्येक हॉस्टेलं आई-वडिलांचे दोन नंबर आणि जवळच्या तालुक्यातल्या एखाद्या माणसाचं नाव यावर भागवून घेतात. काही कॉलेजांत प्रत्येक गटाला एक पालक-शिक्षक नेमलेला असतो. तो हॉस्टेलचा स्थानिक पालक होत नाही, गेटपासवर सही करत नाही. पण अडचणीत मुलाला शहरात विचारायला एक माणूस मिळतो आणि वडिलांनी त्यांचा नंबर घेऊन ठेवायला हरकत नाही.

गावातही शोधावं. ग्रामपंचायतीत, शाळेत विचारलं तर त्या शहरात स्थायिक झालेलं एखादं घर निघतंच. आपल्याच गावची चार मुलं एकाच शहरात असतील, तर चारही घरांनी मिळून एका कुटुंबाला विनंती करावी आणि सगळ्यांनी एकदा त्यांच्या घरी जाऊन यावं. ज्या माणसाला आपण कधी भेटलोच नाही, त्याच्यावर पोर सोपवायचं नसतं.

पत्र कसं लिहायचं, आणि पत्त्याची एक चूक

वर आलेलं पत्र साध्या कागदावर, दोन प्रतींत लिहिता येतं. एक प्रत हॉस्टेलला, एक स्थानिक पालकाला. मजकूर असा ठेवता येईल:

“मी … (वडील/आई), राहणार …, माझा मुलगा/मुलगी … ही लातूर येथे शिक्षणासाठी राहत असताना श्री./श्रीमती … यांना स्थानिक पालक म्हणून नेमत आहे. आजारपणात दवाखान्यात नेणे, दाखल करणे आणि माझ्याशी संपर्क होईपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने आवश्यक उपचार करवून घेणे यासाठी माझी संमती आहे. हॉस्टेलच्या सुट्टीत मुलाला/मुलीला त्यांच्याकडे सोडण्यास हरकत नाही. फी व इतर देण्याची जबाबदारी माझी राहील. संपर्क: १) … २) … ३) …”

खाली सही किंवा अंगठा, तारीख, दोन साक्षीदार. मुलाचा रक्तगट आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही लिहावं. हंगामात आई-वडील ज्या कारखान्याच्या भागात जातील, तिथला मुकादमाचा नंबर दरवर्षी बदलू शकतो. म्हणून टोळी निघायच्या आधी एकदा रेक्टरला आणि स्थानिक पालकाला नवा नंबर कळवावा.

शेवटी पत्त्याची चूक. घाईत बरेच जण विद्यार्थ्याच्या सध्याच्या किंवा कायमच्या पत्त्यातही स्थानिक पालकाचाच पत्ता टाकून देतात. हे टाळावं. हॉस्टेलात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मदत मिळते, पण विद्यार्थी शिकतो त्या शहराचा रहिवासी नसावा, अशी तिची अट आहे. कागदोपत्री मुलगा लातूरचाच दिसायला लागला, तर हीच अट आडवी येऊ शकते. कायमचा पत्ता गावाचा, राहण्याचा पत्ता हॉस्टेलचा किंवा भाड्याच्या खोलीचा, आणि स्थानिक पालकाचा पत्ता फक्त त्याच्या रकान्यात. तिन्ही पत्ते आपापल्या जागी आहेत ना, एवढं बघूनच फॉर्म खिडकीत द्यावा. आणि ज्याचं नाव लिहिलंय, त्याला त्याच दिवशी तिथूनच एक फोन करून सांगावं.